रिझर्व्ह बँकेच्या ताळेबंदातले सोने कसे वाचायचे: पुनर्मूल्यांकनाचा हिशेब, पायरीपायरीने

सोन्याचा भाव चढला की ‘रिझर्व्ह बँकेला सोन्यात इतक्या लाख कोटींचा फायदा’ अशी बातमी येते. मग कोणीतरी विचारते, की एवढा पैसा आहे तर सरकारला का देत नाहीत? हा प्रश्न वेडगळ नाही. त्याचे उत्तर ताळेबंदाच्या दोन-तीन ओळींत असते, फक्त त्या ओळी एकमेकींशी जोडून वाचाव्या लागतात. बँकिंगच्या परीक्षा देणारे, अर्थविषयक बातम्या लिहिणारे आणि वार्षिक अहवाल पहिल्यांदाच उघडणारे वाचक डोळ्यांसमोर ठेवून ही पद्धत मांडली आहे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार एवढे गणित पुरते.

हाताशी काय हवे

- रिझर्व्ह बँकेचा वार्षिक अहवाल. तो मे महिन्याच्या अखेरीस येतो. त्यातले ताळेबंदाचे प्रकरण आणि त्याला जोडलेल्या ‘महत्त्वाच्या लेखा धोरणां’च्या टिपा, दोन्ही लागतात. टिपा न वाचता आकड्यांना हात घालू नका.
- लंडन बुलियन मार्केट असोसिएशनचा ताळेबंदाच्या दिवसाचा सोन्याचा भाव, डॉलर प्रति औंस.
- त्याच दिवसाचा रुपया-डॉलर दर.
- वजनाचे रूपांतर: १ टन म्हणजे ३२,१५०.७ ट्रॉय औंस. ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅमचा असतो. किराणा सामानाच्या परदेशी पाकिटावरचा औंस सुमारे २८.३ ग्रॅमचा. इथे गल्लत झाली की उत्तर जवळजवळ दहा टक्क्यांनी चुकते, आणि पुढे दिसेल की दहा टक्क्यांचाच एक खरा नियमही आहे. त्यामुळे ही चूक लवकर लक्षात येत नाही.

१. सोने दोन खिशांत आहे, हे आधी पाहा

रिझर्व्ह बँकेचे सोने एकाच ओळीत दिसत नाही. काही सोने चलनी नोटांचे पाठबळ म्हणून निर्गम विभागात असते, उरलेले बँकिंग विभागाच्या मालमत्तेत. ३१ मार्च २०२४ ला एकूण ८२२.१० टन सोने होते. त्यातले ३०८.०३ टन नोटांमागे आणि ५१४.०७ टन बँकिंग विभागात. अहवालात सोन्याची किंमत म्हणून जो ठळक आकडा येतो तो या दुसऱ्या भागाचा. त्याला पूर्ण ८२२ टनांनी भागले की प्रतिटन भाव हास्यास्पद कमी येतो. नवख्या माणसाचा हिशेब बहुतेक वेळा इथेच फसतो.

जाता जाता एक गंमत. नोटांमागे किमान ११५ कोटी रुपयांचे सोने असले पाहिजे, असे रिझर्व्ह बँक कायद्याचे कलम ३३ सांगते. हा आकडा १९५० च्या दशकातला आहे. मार्च २०२५ च्या पुस्तकी भावाने ११५ कोटींत साधारण दीडशे किलो सोने बसते.

२. पुस्तकी किंमत स्वतः काढून पाहा

लेखा धोरण असे: दर आठवड्याच्या आणि महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी सोन्याची किंमत नव्याने लावायची, आणि ती लंडनच्या भावाच्या ९० टक्के धरायची. उरलेले दहा टक्के सावधगिरीची वजावट.

```
किंमत = टन × ३२,१५०.७ × लंडनचा भाव × रुपया-डॉलर दर × ०.९०
```

मार्च २०२४ चे आकडे घालू. २९ मार्चला गुड फ्रायडे होता, म्हणून शेवटचा कामकाजाचा दिवस २८ मार्च. त्या दिवशी लंडनचा भाव सुमारे २,२१४ डॉलर आणि डॉलर सुमारे ८३.३७ रुपयांना होता. ५१४.०७ टन म्हणजे १ कोटी ६५ लाख २७ हजार औंस. डॉलरमध्ये त्याची किंमत ३,६५९ कोटी, रुपयांत सुमारे ३,०५,०७० कोटी. त्याचे ९० टक्के म्हणजे २,७४,५६३ कोटी रुपये. अहवालातला आकडा २,७४,७१४ कोटींचा आहे. दीडशे कोटींचा फरक मोठा वाटतो, पण एवढ्या रकमेत तो हजारात एकाहूनही कमी आहे. भाव आणि दर आपण गोळाबेरीज धरले, त्यामुळे तो राहतो.

तुमचे उत्तर सुमारे अकरा टक्क्यांनी जास्त आले तर ०.९० चा गुणक राहिला. उत्तर सुमारे १.६ पट किंवा ०.६ पट आले तर बहुधा टनांचा आकडा चुकीच्या खिशातला घेतला. दोन-तीन टक्क्यांचा फरक असेल तर तारीख तपासा. ३१ मार्च सुट्टीचा असला की त्या तारखेचा आंतरराष्ट्रीय भाव घेऊन चालत नाही, त्याआधीच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाचा घ्यावा लागतो.

जुने अहवाल वाचताना आणखी एक जपा. रिझर्व्ह बँकेचे हिशेबाचे वर्ष पूर्वी जुलै ते जून असे होते. २०२०-२१ हे वर्ष मार्चला मिळवून घेण्यासाठी नऊ महिन्यांचे करण्यात आले. म्हणून त्याआधीच्या वर्षांचा हिशेब ३० जूनअखेरचा असतो, आणि भाव एका दिवसाचा धरला की सरासरी, हे त्या वर्षीच्या लेखा धोरणाच्या टिपेत पाहून घ्या.

३. वाढ कुठे लिहिली जाते ते शोधा

समजा, पुस्तकात १०० टन सोने ७६,००० कोटींना आहे आणि आठवड्यात रुपयांतला भाव दोन टक्के वाढला. शुक्रवारी नोंद अशी पडेल:

```
सोने                              नावे   १,५२० कोटी
चलन व सोने पुनर्मूल्यांकन खाते     जमा   १,५२० कोटी
```

मालमत्तेची बाजू १,५२० कोटींनी फुगली आणि देण्यांची बाजूही तेवढ्यानेच. हे पुनर्मूल्यांकन खाते इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सीजीआरए’ म्हणून ओळखले जाते. ते ताळेबंदात देण्यांच्या बाजूला बसते. उत्पन्न-खर्चाच्या पत्रकात या नोंदीचा मागमूसही नसतो. पुढच्या आठवड्यात भाव पडला की हीच नोंद उलटी होते आणि तेव्हाही उत्पन्नाला धक्का लागत नाही.

आता या नोंदीत काय घडले नाही ते पाहा. कोणी काही विकत घेतले नाही. कोणाच्या खात्यातून रुपया किंवा डॉलर निघाला नाही. तिजोरीतल्या विटा होत्या तितक्याच आहेत. घराची किंमत वाढली म्हणून महिन्याचा किराणा भरता येत नाही, तसलाच हा प्रकार, फक्त इथे घराची किंमत दर शुक्रवारी वहीत लिहावी लागते.

सीजीआरएचा आकडा थेट ‘सोन्याचा नफा’ म्हणून वापरू नका. त्यात परकीय चलनाच्या पुनर्मूल्यांकनाचेही पैसे मिसळलेले असतात. मार्च २०२४ ला हे खाते ११.३ लाख कोटींच्या आसपास होते. त्या दिवशी बँकेचे सगळे ८२२ टन सोने पुस्तकी भावाने साधारण ४.४ लाख कोटींचे. सगळे सोने फुकट मिळाले होते असे धरले, तरी तिजोरीतल्या सोन्याचा वाटा ४.४ लाख कोटींच्या वर जात नाही. उरलेले मुख्यतः डॉलर आणि इतर चलने रुपयाच्या तुलनेत महाग झाल्यामुळे जमलेले आहे.

४. वाढीचे तुकडे करा: किती भावाने, किती खरेदीने

मार्च २०२५ ला बँकिंग विभागातले सोने ४,३१,६२५ कोटींचे झाले. वर्षभरात वाढ १,५६,९११ कोटी, म्हणजे ५७ टक्के. बातम्यांत हा आकडा सरसकट ‘फायदा’ म्हणून फिरतो. पण त्याच वर्षात या विभागातले सोने ५१४.०७ वरून ५६८.२० टनांवर गेले होते. त्यामुळे आधी प्रतिटन भाव काढायचा:

- मार्च २०२४: २,७४,७१४ ÷ ५१४.०७ = ५३४.३९ कोटी प्रतिटन
- मार्च २०२५: ४,३१,६२५ ÷ ५६८.२० = ७५९.६४ कोटी प्रतिटन

टनामागे वाढ २२५.२५ कोटींची. ती जुन्या ५१४.०७ टनांना लावली की सुमारे १,१५,८०० कोटी येतात. जुन्या साठ्यावरची पुनर्मूल्यांकनाची वाढ एवढीच. उरलेले सुमारे ४१,१०० कोटी म्हणजे वाढलेल्या ५४.१३ टनांची वर्षअखेरची किंमत. नवे सोने विकत घेताना त्याचे पैसे मोजलेले असतात. डॉलरची मालमत्ता गेली आणि सोन्याची आली. डाव्या खिशातले उजव्या खिशात, त्याला नफा म्हणत नाहीत.

खरेदीबद्दल आणखी एक बारकावा. ऑक्टोबर २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोने ६.७ अब्ज डॉलरना घेतले, औंसाला साधारण १,०४५ डॉलर. बाजारभावाने घेतलेले सोने ९० टक्के भावाने पुस्तकात धरायचे, म्हणजे भाव जागचा हलला नाही तरी पहिल्याच पुनर्मूल्यांकनात औंसामागे शंभरेक डॉलर सीजीआरएमधून वजा होतात. खरेदीच्या आठवड्यात सोन्याच्या ओळीतली वाढ दिलेल्या पैशांपेक्षा कमी दिसली तर गोंधळू नका.

आता भावातल्या ४२ टक्के वाढीचे पुन्हा दोन भाग करा. लंडनचा भाव सुमारे २,२१४ वरून ३,०७० डॉलरच्या आसपास गेला, म्हणजे जवळजवळ ३९ टक्के वाढ. डॉलर ८३.३७ वरून साडेपंच्याऐंशीच्या जवळ गेला, म्हणजे अडीच टक्के. १.३९ गुणिले १.०२५ केले की आपले ४२ टक्के भरतात. या वर्षी रुपयाचा वाटा किरकोळ होता, पण लंडनचा भाव ढिम्म असताना नुसता रुपया घसरला, तरीही ताळेबंदात सोन्याची ‘कमाई’ दिसते. उलट रुपया वधारला तर सोन्याचा एक कणही न गमावता ‘तोटा’ दिसतो.

५. १९९०-९१ च्या वहीवर ही रीत वापरून पाहा

हा नफा रोख का नाही, हे कळायला यासारखे उदाहरण नाही.

१६ ऑक्टोबर १९९० पर्यंत रिझर्व्ह बँकेच्या पुस्तकात सोने दहा ग्रॅमला ८४ रुपये ३९ पैसे या कायद्याने ठरवलेल्या भावाने लिहिलेले होते. सराफ बाजारात तेव्हा दहा ग्रॅमला तीन हजारांहून अधिक मोजावे लागत. १७ ऑक्टोबरपासून आंतरराष्ट्रीय भावाच्या जवळची किंमत लावायला सुरुवात झाली. मार्च १९९० ला देशाच्या राखीव साठ्यातले सोने २८१ कोटी रुपयांचे होते, मार्च १९९१ ला ते ६,८२८ कोटींचे दिसू लागले. वजन जवळपास तेच, सुमारे ३३३ टन. ताळाही करून घ्या: २८१ कोटींना ८४.३९ ने भागले की हेच वजन निघते. म्हणजे लेखणीच्या एका फटकाऱ्याने किंमत चोवीस पट झाली.

त्यानंतरच्या काही महिन्यांतच परकीय चलनाचा साठा १०० कोटी डॉलरच्या आसपास आला. दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरता. तेलाचे आणि कर्जाच्या हप्त्यांचे पैसे डॉलरमध्ये चुकवायचे होते, आणि वहीत साडेसहा हजार कोटींची नवी वाढ असूनही त्यातून एक बॅरल तेल येत नव्हते. म्हणून आधी सरकारकडचे जप्त केलेले २० टन सोने स्टेट बँकेमार्फत परत घेण्याच्या बोलीवर विकले, त्यातून २० कोटी डॉलर उभे राहिले. मग जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने लंडनला गेले आणि बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपानकडून त्यावर ४०.५ कोटी डॉलरचे कर्ज मिळाले.

दोन्ही प्रसंगांची नोंद वर सांगितलेल्या पद्धतीने मनात लिहून पाहा. ऑक्टोबरच्या नोंदीत सोने नावे, पुनर्मूल्यांकन जमा. बाहेरचा माणूस कोणीच नाही. जुलैच्या नोंदीत डॉलर नावे, कर्ज जमा. समोर खरी देणारी बँक उभी आहे, आणि विटा तिच्या देशात नेऊन ठेवाव्या लागल्या आहेत. सोने कामी आलेच, पण गहाण पडल्यावर. वहीतल्या नव्या किमतीने फक्त ते किती मोलाचे आहे हे सांगितले.

यातून मूळ प्रश्नाचा गाभा हाती येतो. मध्यवर्ती बँकेला रुपयांची टंचाई कधीच नसते, ते ती स्वतःच निर्माण करते. तिला निर्माण करता येत नाहीत ते डॉलर. आणि सोन्यातून डॉलर मिळवायचे तर ते विकावे तरी लागते किंवा तारण तरी ठेवावे लागते.

६. ‘वाटून टाका’ म्हटले तर नोंद कशी पडेल, तेही लिहा

समजा, सीजीआरएमधले एक लाख कोटी सरकारला द्यायचे ठरले आणि सोने मात्र विकायचे नाही.

```
चलन व सोने पुनर्मूल्यांकन खाते     नावे   १,००,००० कोटी
केंद्र सरकारची ठेव                 जमा   १,००,००० कोटी
```

दोन्ही ओळी देण्यांच्याच बाजूच्या आहेत. मालमत्तेची बाजू तसूभरही हलली नाही. जी रक्कम आधी कोणी मागू शकत नव्हते, ती आता सरकार मागू शकते. सरकारने ती खर्च केली की ठेकेदारांच्या, नोकरदारांच्या खात्यांत जाते आणि व्यापारी बँकांच्या रिझर्व्ह बँकेतल्या शिलकीत एक लाख कोटी नवे रुपये येतात. ही सरळ सरळ नोटा छापण्याचीच क्रिया आहे, सोन्याचे नाव फक्त कारण म्हणून पुढे केलेले. हे जादा रुपये बाजारातून परत शोषायचे, तर रिझर्व्ह बँकेला त्यावर व्याज द्यावे लागते. सोने मात्र तिजोरीत पडून एक पैसा व्याज देत नाही.

शिवाय उद्या भाव पडला तर? पुनर्मूल्यांकन खाते रिकामे असेल तर घट आकस्मिक निधीतून भरून काढावी लागते. आणि आकस्मिक निधी हा खऱ्या, हाती आलेल्या उत्पन्नातून बाजूला ठेवलेला पैसा आहे. रिझर्व्ह बँकेने किती निधी राखावा हे तपासणाऱ्या बिमल जालान समितीने २०१९ मध्ये हीच रेघ स्पष्ट आखली: पुनर्मूल्यांकनातून आलेली शिल्लक बाजारातल्या जोखमीसाठीची उशी आहे, ती वाटायची नाही. सरकारला मिळते ते हाती आलेल्या उत्पन्नातून.

दक्षिण आफ्रिकेने २०२४ मध्ये वेगळा रस्ता घेतला. तिथे सोने आणि परकीय चलनाच्या अशाच खात्यातून २५० अब्ज रँड काढायचे ठरले. पण त्यातले १०० अब्ज मध्यवर्ती बँकेच्याच आकस्मिक निधीत ठेवले आणि १५० अब्ज सरकारला तीन वर्षांत, टप्प्याटप्प्याने. जादा रँड शोषण्यावर व्याज जाणार, हे आधीच धरून ती तरतूद केली होती. वाटप अशक्य नाही, पण त्याची किंमत मोजावी लागते, हे त्या देशाच्या कागदपत्रांतच दिसते.

७. कागदी नफा खरा कधी होतो ते ओळखा

वार्षिक अहवालात ‘परकीय चलन व्यवहारांतून मिळालेला नफा’ अशी ओळ असते. ती मात्र खऱ्या उत्पन्नात येते. रिझर्व्ह बँक बाजारात डॉलर विकते तेव्हा विक्रीचा दर आणि त्या डॉलरची भारित सरासरी खरेदी किंमत यांतला फरक हा हाती आलेला नफा ठरतो. कधीकाळी ६०-७० रुपयांना घेतलेला डॉलर ८५ ला विकला, तर तोपर्यंत पुनर्मूल्यांकनात दिसणारी तेवढी वाढ तिथून उठून उत्पन्नात येते. २०२४-२५ साठी सरकारला गेलेल्या २,६८,५९० कोटींत अशा विक्रीचा आणि रोख्यांवरच्या व्याजाचा मोठा हात होता.

सोन्याच्या बाबतीत ही ओळ बहुतेक कोरी राहते, कारण रिझर्व्ह बँक सोने विकत नाही, घेते. म्हणून वरचे १,१५,८०० कोटी त्या वर्षीच्या सरकारला दिलेल्या रकमेत शोधू नका. ते सापडणार नाहीत. ते देण्यांच्या बाजूला सीजीआरएच्या ओळीत आहेत, आणि पुढच्या शुक्रवारी कमी किंवा जास्त झालेले असतील.